पाणीपुरवठा योजनेचा मासिक प्रगती अहवाल: या चुका टाळा

प्रादेशिक पाणीपुरवठा योजनांचे मासिक अहवाल चाळले की दोन गोष्टी हमखास दिसतात. पहिल्या पानावर भौतिक प्रगतीचा आकडा गुबगुबीत असतो आणि शेवटच्या पानावर जोखमींचा तक्ता मागच्या महिन्याचाच असतो, फक्त वर तारीख बदललेली. मग योजना 'नियोजनाच्या पुढे' चालत चालत एका पावसाळ्यात अडकते आणि सगळे विचारतात, हे आधी कुणी सांगितलं कसं नाही? अहवालात ते असतंच, पण टक्क्यांखाली पुरलेलं.

हिशेब सोपा राहावा म्हणून ४० कोटींची एक नमुना योजना घेऊ. धरणाच्या फुगवट्यात जॅकवेल (भार १० टक्के), अशुद्ध पाण्याची ऊर्ध्ववाहिनी (२०), जलशुद्धीकरण केंद्र (२०), गावांकडे जाणाऱ्या २४ किलोमीटर नळवाहिन्या (३०), उंच टाक्या (१५), पंप आणि वीजजोडणी (५). अहवाल ३१ मार्चचा. नियोजित प्रगती ४६ टक्के, दाखवलेली ४९ टक्के. म्हणजे योजना ३ टक्के पुढे. पुढे वाचा.

पाइप आले म्हणजे काम झालं, हा समज

ही चूक सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चिवट. नळवाहिनीच्या कामात पाइपची किंमतच मोठी असते आणि पाइप साइटवर उतरले की कंत्राटातल्या अटीप्रमाणे त्याचा हप्ता बिलात येतो. त्यात गैर काही नाही, पैसे असेच द्यायचे असतात. पण बिलाचा टक्का उचलून तोच भौतिक प्रगतीच्या रकान्यात टाकायचा, हा आळस आहे. सोपं पडतं, कारण बिल हातात असतं आणि चर कुठवर खोदला ते बघायला साइटवर जावं लागतं.

आपल्या योजनेत मार्चअखेर सगळे २४ किलोमीटर पाइप रस्त्याच्या कडेला रचलेले आहेत. टाकून जोडलेली वाहिनी ५ किलोमीटर, दाबचाचणी झालेली शून्य. नळवाहिन्यांच्या किमतीपैकी ६५ टक्के बिल झालं आहे. अहवालात तेच ६५ आले आणि ३० च्या भारावर त्याचे साडेएकोणीस गुण मिळाले.

याऐवजी कामाचे टप्पे पाडा. पुरवठ्याला २० टक्के, खोदाई करून पाइप टाकून जोडण्याला ५०, दाबचाचणीला २०, चर भरून रस्ता पूर्ववत करण्याला १०, हे प्रमाण चांगलं चालतं. कंत्राट निराळं असेल तर आकडे थोडे हलवा, पण पुरवठ्याला यापेक्षा फार वर नेऊ नका आणि चाचणीला शून्यावर आणू नका. या मापाने पुरवठ्याचे पूर्ण २० मिळतात, ५ किलोमीटरचे साधारण साडेदहा. म्हणजे काम सुमारे ३० टक्के झालं, ६५ नाही.

इथे दुसरा खड्डा आहे. प्रत्यक्षाचं माप बदललं तर नियोजनाचंही त्याच मापाने काढायला हवं. बेसलाइनप्रमाणे मार्चअखेर १४ किलोमीटर वाहिनी टाकलेली, ६ किलोमीटरची चाचणी झालेली आणि ४ किलोमीटर रस्ता पूर्ववत झालेला असायला हवा होता. याच प्रमाणात त्याचे ५६ टक्के होतात. ३० च्या भारावर नियोजनाचे पावणेसतरा गुण, प्रत्यक्षाचे जेमतेम नऊ. एकट्या या कामाने योजना साडेसात गुणांनी मागे आहे. एकूण प्रगती ४९ ची साडेअडतीस होते. 'तीन टक्के पुढे' म्हणणारी योजना साडेसात टक्के मागे निघाली आणि साइटवर एक फावडंही इकडचं तिकडे झालेलं नाही.

टाकलेल्या आणि चाचणी झालेल्या लांबीतला फरक दर महिन्याला स्वतंत्र ओळीत लिहायची सवय लावा. तो वाढत चालला असेल तर सांध्यांमधल्या गळत्या मातीखाली साठत आहेत असं समजा. ५ किलोमीटर टाकून शून्य चाचणी हा नुसता विलंब नव्हे. गळती सापडली तर आधीच भरलेला चर पुन्हा उघडावा लागेल आणि तोवर त्यावरून वाहनं धावत असतील.

टक्के म्हणजे दिवस नव्हेत

याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण योजना खरी इथेच बुडते.

वरच्या अहवालात जॅकवेलची नियोजित प्रगती ५० टक्के आणि प्रत्यक्ष ३० टक्के आहे. भार १०, म्हणून तूट २ गुणांची. उंच टाक्या १५ टक्क्यांनी पुढे आहेत, भार १५, म्हणून सव्वादोन गुण जास्त. बेरीज मारली की जॅकवेलची तूट टाक्यांनी भरून निघते आणि शेरा पडतो, 'प्रगती समाधानकारक'. धरणातून पाणीच उचलता आलं नाही तर टाक्या पुढे असून काय करायच्या?

आता तीच तूट दिवसांत मोजू. जॅकवेलची खोदाई १४ मीटर, त्यापैकी ९ झाली, ५ राहिली. नियोजनात ३१ मार्चपर्यंत खोदाई आणि राफ्ट दोन्ही पूर्ण व्हायचं होतं. मार्चमध्ये प्रत्यक्ष खोदाई झाली फक्त २ मीटर: खडक कठीण लागला, झिरपा वाढला आणि उपसा पंप अपुरे पडले. याच वेगाने उरलेल्या ५ मीटरला ७५ दिवस लागतील. त्यानंतर राफ्टला १० दिवस. मग दीड-दीड मीटरच्या १० लिफ्टमध्ये विहिरीची भिंत चढवायची, प्रत्येक लिफ्टला गज, फर्मा, काँक्रीट धरून ५ दिवस, म्हणजे ५० दिवस. एकूण १३५ दिवस. १ एप्रिलपासून मोजले तर १३ ऑगस्ट. नियोजनात हे काम २० मेला संपायचं होतं. २ गुणांची तूट म्हणजे ८५ दिवसांचा विलंब.

आणि ८५ हाही खरा आकडा नाही. राज्यात मान्सून साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो आणि पुढे धरण भरू लागतं. पाणी कॉफर डॅमच्या माथ्यावर चढलं की विहिरीत काम होत नाही. अर्धवट भिंत आणि खोदलेला खड्डा गाळाने भरतो. मग पाणी पुन्हा उतरेपर्यंत, बहुतेक धरणांत पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, थांबणं आलं. म्हणून अहवालात अशी ओळ हवी: 'जॅकवेल: सध्याच्या वेगाने भिंत पूर्ण १३ ऑगस्ट, धरणाचे पाणी त्याआधी चढल्यास काम पुढील हंगामावर जाईल.' ती वाचून कार्यकारी अभियंत्याची झोप उडेल. उडू द्या, त्यासाठीच अहवाल आहे.

तफावतीचा तक्ता करताना प्रत्येक मुख्य कामासमोर टक्क्यांशेजारी तीन गोष्टी लिहा: बेसलाइनची तारीख, सध्याच्या वेगाने येणारी तारीख आणि दोन्हींमधला फरक दिवसांत. सध्याचा वेग गेल्या महिन्यातल्या प्रत्यक्ष कामावरून काढा, ठेकेदाराच्या आश्वासनावरून नाही. 'पुढच्या महिन्यात वेग वाढवू' हे वाक्य प्रत्येक अहवालात असतं. किती मीटर वाढवणार, कोणत्या यंत्राने आणि ते यंत्र साइटवर आलंय का, हे लिहिलेलं नसतं.

जोखीम लिहिली, पण कुणाला काय करायचं ते लिहिलंच नाही

'पावसामुळे काम प्रभावित होण्याची शक्यता' ही जोखीम नसून हवामानाची नोंद आहे. आणि जॅकवेल मागे पडलेली आहे, ही घडून गेलेली अडचण आहे, तिची जागा तफावतीच्या तक्त्यात. जोखीम म्हणजे अजून न घडलेली, पण आज हालचाल केली तर टळू शकेल अशी गोष्ट. ती कोणत्या आकड्यावरून ओळखायची, निर्णय कोणत्या तारखेपर्यंत हवा आणि तो कुणी घ्यायचा, एवढं तिच्यासोबत असायलाच हवं.

जॅकवेलचीच जोखीम नीट लिहायची तर आधी धरणाच्या पातळीच्या नोंदी काढाव्या लागतात. जलसंपदा खात्याकडून मागच्या दहा वर्षांच्या जून-जुलैमधल्या दैनंदिन पातळ्या घ्या आणि पाणी कॉफर डॅमच्या माथ्याला सर्वांत लवकर कधी लागलं ते पाहा. मग पर्याय मोजा. दुसरी पाळी आणि जादा पंप लावून खोदाईचा वेग दुप्पट केला, म्हणजे महिन्याला ४ मीटर, तर खोदाई ८ मेच्या सुमाराला संपेल, राफ्ट १८ मेला, भिंत ७ जुलैला. हे धरणाच्या नोंदींशी ताडून पाहिलं की निर्णय कळतो: ७ जुलै सुरक्षित असेल तर दुसरी पाळी पुरते, नसेल तर कॉफर डॅमची उंची वाढवायची की काम पुढच्या हंगामावर ढकलायचं, यातलं एक ठरवावं लागेल. हा निर्णय एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हवा. मेच्या अहवालात हीच जोखीम लिहिली तर ती शोकवार्ता होते.

पुढचे सूचक आकडेही इथेच नोंदवा: आठवड्याला किती मीटर खोदाई आणि पंप दिवसाला किती तास चालले. खोदाई सलग दोन आठवडे आठवड्याला पाऊण मीटरच्या आत राहिली, तर मासिक अहवालाची वाट न पाहता वर कळवायचं, असं आधीच लिहून ठेवा. ही मर्यादा लिहायला लोक का कचरतात ते उघड आहे: एकदा लिहिली की पाळावी लागते.

उरलेल्या, थोडक्यात

सहा कामांच्या टक्क्यांची साधी सरासरी काढू नका. ५ टक्के भाराची वीजजोडणी आणि ३० टक्के भाराची नळवाहिनी सारख्याच तोलल्या जातात. भार B स्तंभात आणि प्रगती C स्तंभात असेल तर सूत्र हे:

```
=SUMPRODUCT(B2:B7,C2:C7)/SUM(B2:B7)
```

मुदतवाढ मंजूर झाली की नवी बेसलाइन घ्या, पण जुनी पुसू नका, दोन्ही स्तंभ ठेवा. मंजूर न होताच गुपचूप तारखा सरकवणाऱ्यांसाठी शब्द आहेत, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

साइटची नोंद २५ तारखेची, बिल ३१ चं आणि नियोजन महिनाअखेरचं, अशी सरमिसळ करू नका. एकच तारीख धरा.

फोटोवर तारीख आणि चेनेज नसेल तर तो लावू नका. चर सगळीकडे सारखाच दिसतो आणि गेल्या महिन्यातलाच फोटो पुन्हा लावला तरी कुणाला कळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.