भूप की देशकार? पकड ऐका

कोल्हापूरच्या देवल क्लबात मैफल ऐकताना शेजारचा हळूच विचारतो, "भूप हाय काय ओ?" तेव्हा नुसते सूर मोजून उत्तर मिळत नाही. आरोह म्हणजे राग खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत कुठल्या सुरांनी चढतो ते, आणि अवरोह म्हणजे उतरतो कसा ते. भूपाचा आरोह सा रे ग प ध सां, अवरोह सां ध प ग रे सा, म्हणजे म आणि नी अजिबात नाहीत. म किंवा नी नीट ऐकू आला की भूप कटाप, एवढं काम आरोह-अवरोह करतात.

पण देशकार रागाचे सूरही हेच पाच, मग पुढं काय? इथं पकड लागते, म्हणजे रागाची ओळख पटवणारा छोटा सुरांचा तुकडा जो गायक फिरून फिरून घेतो. भूपात ग वर मुक्काम असतो, "ग, रे, सा, खालचा ध, सा रे ग, प ग, ध प ग रे सा" असं, चाल सगळी खालच्या-मधल्या भागात. देशकारात गाणं वर ध पाशी जाऊन थांबतं, "ध, प, ग प ध प", आणि रे वर थांबत नाहीत, नुसता स्पर्श करून सा वर येतात.

म्हणून आलाप चालू असताना, द्रुत तानांच्या आधीच, गायक श्वास घ्यायला कुठल्या सुरावर थांबतोय तेवढं धरा. वेळेचीपण मदत होते, भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी आणि देशकार सकाळी, पण संध्याकाळच्या मैफलीत कोणी देशकार गायला तर फसाल, तेव्हा भरवसा ध वरच ठेवा.