खात्यात पैसे असूनही हप्ता परत गेला तर

बँकेच्या चुकीने ऑटो-डेबिट फसलं, की दंड दोन ठिकाणी लागतो: आपल्या बँकेत आणि कर्ज देणाऱ्या कंपनीत. माझ्या खात्यात 5 तारखेला सकाळी पुरेशी शिल्लक होती, तरी हप्ता परत गेला आणि 500 रुपये अधिक 90 रुपये जीएसटी कापला गेला. बँकेला ईमेल करताना त्या दिवसाच्या स्टेटमेंटची ओळ जोडा आणि हप्ता परत जाण्याचं नोंदलेलं कारण लेखी मागा. सगळी तक्रार त्यावरच उभी राहते. परतावा जीएसटीसकट मागा. ‘चूक आमची’ असं पत्रही घ्या, म्हणजे कर्ज कंपनीचा दंड आणि क्रेडिट रिपोर्टमधली नोंद काढायला सांगता येते. तक्रार क्रमांक जपा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.