क्लीनिंग थांबवा, हेड भिजत घाला

इंक टँकचा प्रिंटर महिनाभर बंद राहिला, त्यात कोल्हापूरचा एप्रिल-मे, की हेडमधल्या बारीक छिद्रांच्या, म्हणजे नोझलच्या तोंडाशी शाई वाळते. मग माणूस प्रिंटरच्या मेनूतून हेड क्लीनिंगवर क्लीनिंग मारत बसतो. त्यानं काही होत नाही, कारण पंप सगळ्या नोझलमधून एकदमच ओढतो. जी उघडी आहेत त्यांतून शाई भराभरा निघून जाते आणि बंद असलेल्यांना ओढ लागतच नाही. टाकीतली शाई मात्र वाया जाऊन ती शोषणाऱ्या वेस्ट पॅडमध्ये जाते, आणि पॅड भरल्याची नोंद झाली की प्रिंटर कामच थांबवतो.

आधी दोन नोझल चेक, म्हणजे रेघांची चाचणी पानं, छापून शेजारी शेजारी ठेवा. रेघा दोन्ही कागदांवर त्याच जागी तुटल्या असतील तर शाई वाळलेली आहे. तुटण्याची जागा बदलत असेल तर आत हवा आहे. तिथं भिजवून उपयोग नाही, प्रिंटर रात्रभर नुसता ठेवा.

राजारामपुरीतल्या एका डीटीपीच्या दुकानातला प्रिंटर सुट्टीनंतर असाच आला. काळ्याच्या रेघा ठरलेल्या जागी गायब, मजेंटा अर्धा. पुढचं सगळं त्यावरच केलेलं सांगतो.

डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार वाळून नोझलमध्येच बसतात. कॉलिन, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांचं तर नावही काढू नका.

क्लीनिंग सुरू करा आणि हेड डावीकडे सरकलं की प्लग काढा. आता ते हातानं हलतं. मागच्या पारदर्शक पट्टीला बोट लावायचं नाही, तेलकट डाग पडला की हेडला आपली जागा कळत नाही.

उजव्या टोकाला रबरी काठाची, आत स्पंज असलेली छोटी चौकट दिसेल. ती कॅप. प्रिंटर बंद असताना हेड तिच्यावर टेकून बसतं. आपलं खरं काम इथंच आहे आणि मलाही सुरुवातीला इथंच झगडावं लागलं, म्हणून सावकाश वाचा.

सुई काढलेल्या सिरिंजनं कॅपमध्ये थोडं पाणी सोडा, टिश्यूच्या टोकानं टिपून घ्या. काळपट चिकट गाळ निघेल. टिश्यूवर नुसता फिका रंग उतरेपर्यंत हे करत राहा. शेजारच्या रबरी पट्टीवरची खपलीही पुसा, नाहीतर ती पट्टी तीच घाण परत नोझलवर फिरवते.

आता कॅप पाण्यानं भरा, प्लग लावा आणि एकच क्लीनिंग करा. मग मघाचीच युक्ती करून हेड बाजूला घ्या आणि कॅपमध्ये बघा. पाणी तसंच साचलेलं असेल तर पंप किंवा त्याची नळी तुंबली आहे आणि तुमची सगळी क्लीनिंग फुकट गेली ती त्यामुळे. आधी ते बघा. राजारामपुरीच्या प्रिंटरचा पंप ठीक होता, पाणी ओढलं गेलं.

आता भिजत घालण्यासाठी परत भरा, काठाच्या बरोबरीनं. कमी भरलं तर फक्त स्पंज ओला राहतो, पाणी हेडच्या खालच्या नोझल प्लेटला लागत नाही. फुगवून भरलं तर हेड टेकताना ते बाहेर सांडतं. भरल्यावर दहा मिनिटं थांबा. पातळी आपोआप उतरली तर पाणी नळीतून निघून जातंय. मग कॅपचा नाद सोडा आणि धागे न सुटणाऱ्या कापडाची ओली घडी हेडखाली सरकवा, पण तासाभरानं काढून घ्या. कापड शाई शोषतं आणि रिकाम्या जागेत हवा शिरते.

पातळी टिकली तर हेड हळूच उजवीकडे ढकलून कॅपवर बसवा आणि प्लग न लावता रात्रभर ठेवा.

प्लेट घासायची नाही. कापसाचा बोळा नाही, ब्रश नाही. प्लेटवर शाई चिकटू नये म्हणून लेप असतो. तो गेला की थेंब तिरके पडतात आणि ते परत सुधारत नाही. सिरिंज जोरात दाबून आत पाणी मारायचा सल्ला देणारे बरेच भेटतात. आतली सीलं त्यानं फुटू शकतात.

सकाळी एक साधं क्लीनिंग, मग नोझल चेक. टाक्या हेडपेक्षा खाली असतात, त्यामुळे रात्रीतून थोडं मिसळलेलं पाणी नोझलमध्ये ओढलं जातं. पहिल्या एक-दोन कागदांवर रंग फिका किंवा भलताच आला तर घाबरू नका.

त्या प्रिंटरचा मजेंटा पहिल्याच सकाळी पूर्ण आला. काळ्याच्या दोन-तीन रेघा राहिल्या. अशा वेळी परत क्लीनिंग करू नका. फक्त काळ्या रंगाचं भरलेलं पान छापा, शाई त्याच नोझलमधून जाते. तेवढ्यावर भागलं नाही, म्हणून आणखी एक रात्र भिजवला, मग रेघा भरल्या.

काळी शाई पिगमेंटची, म्हणजे बारीक रंगकणांची असेल तर ती पाण्यात सहज विरघळत नाही, जास्त रात्री लागतात. पण तीन-चार वेळा भिजवूनही त्याच रेघा त्याच जागी गायब असतील, तर पाण्यानं होण्यासारखं काही उरलेलं नाही. नव्या हेडची किंमत विचारा, आणि ती प्रिंटरच्या अर्ध्याच्या वर गेली तर नवाच घ्या.