या चुका टाळा: मँडरिन प्रश्नांतला नको तिथला 'मा' आणि भलत्या जागचा 'काय'

मँडरिन शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यातच 'मा' हा शब्द फार आवडतो, कारण तो आपल्या वाक्याच्या शेवटच्या 'का'सारखा वागतो. 'नी हऽ छा' म्हणजे 'तू चहा पितोस' आणि 'नी हऽ छा मा?' म्हणजे 'तू चहा पितोस का?' (येथे सूर दाखवलेले नाहीत आणि रोमन लिपीतील 'बी'चा उच्चार 'प'ला जवळचा असल्याने तो तसा लिहिला आहे.) वाक्यातला एकही शब्द हलवावा लागत नाही. इतक्या स्वस्तात प्रश्न तयार झाला की उतावळा विद्यार्थी प्रत्येक प्रश्नाला 'मा' चिकटवू लागतो, आणि तेथेच घोटाळा सुरू होतो.

माझी एक विद्यार्थिनी पुण्याजवळच्या एका कारखान्यात दुभाषाचे काम करू लागली होती. चीनहून आलेल्या अभियंत्याला काय प्यायचे आहे, हे तिला विचारायचे होते. ती म्हणाली, 'नी याव हऽ शन्मऽ मा?' पाहुणा हसून 'पू याव, श्ये-श्ये', म्हणजे 'नको, धन्यवाद', म्हणाला आणि दुपारभर तसाच बसून राहिला. 'मी "काय" विचारले, मग उत्तर "नको" कसे आले?' असे तिने मला संध्याकाळी विचारले. उत्तर अगदी बरोबर आले होते. 'शन्मऽ'चा अर्थ एरवी 'काय', पण 'मा' लागला की त्याच शब्दाचा अर्थ 'काही' असा होतो. तिने नकळत 'तुम्हाला काही प्यायचे आहे का?' असे विचारले होते. मराठीत 'काय' आणि 'काही' हे वेगळे शब्द असल्यामुळे ही अडचण आपल्याला दिसत नाही. मँडरिनमध्ये मात्र दोन्ही कामे एकच शब्द करतो आणि अर्थ ठरवण्यात 'मा'चा मोठा वाटा असतो. काय प्यायचे ते विचारायचे असेल तर 'नी याव हऽ शन्मऽ?' एवढेच म्हणून थांबावे.

दुसरी चूक जागेची आहे, आणि ती मला अधिक छळते. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने 'तू काय पितोस' या क्रमाने 'नी शन्मऽ हऽ' असे वाक्य तयार होते, तर इंग्रजीतून विचार करणारे 'शन्मऽ'ला थेट वाक्याच्या आरंभी नेऊन बसवतात. दोन्ही चूक. मी स्वतः आजही अडलो की आधी उत्तर मनात म्हणतो आणि मग उत्तरातला अज्ञात शब्द काढून त्याच खुर्चीवर प्रश्नशब्द बसवतो. 'वो छ्यू पेइचिंग', मी पेइचिंगला जातो. म्हणून 'नी छ्यू नार?', तू कुठे जातोस? पण 'वो चाय पेइचिंग कुंगच्वो', मी पेइचिंगमध्ये काम करतो. म्हणून 'नी चाय नार कुंगच्वो?' एकदा 'नार' क्रियापदानंतर आला, एकदा आधी, कारण उत्तरातले पेइचिंगही तसेच सरकले.

'प्रश्नशब्द क्रियापदानंतर' असा आयता नियम पाठ करणारे नेमके येथे अडखळतात आणि 'तू कधी येतोस' यासाठी 'नी लाय शन्मऽ शर्हौ' म्हणतात. 'मिंगथ्येन', म्हणजे उद्या, क्रियापदाच्या आधी येतो, म्हणून 'कधी'ही आधीच हवा: 'नी शन्मऽ शर्हौ लाय?' उलट 'किती काळ' हा प्रश्न क्रियापदानंतर येतो, कारण 'वो श्युए ल सान न्येन', मी 3 वर्षे शिकलो, या उत्तरात काळाची लांबी शेवटी असते. म्हणून 'नी श्युए ल त्वो च्यौ?' 'का' विचारणारा 'वेइशन्मऽ' सहसा कर्त्याच्या मागोमाग ठेवावा.

राहिला क्रियापद-नकार-क्रियापद हा साचा: 'नी छ्यू पू छ्यू?' आपले विद्यार्थी तो वापरायला बिचकतात, कारण 'जातोस की नाही?' हे मराठीत दटावल्यासारखे वाटते. मँडरिनमध्ये तो साधा, तटस्थ प्रश्न आहे. हा साचा स्वतःच प्रश्न असल्यामुळे शेवटी 'मा' लावू नये. 'यौ' म्हणजे 'असणे', याला 'पू' चालत नाही. 'यौ मेइ यौ' असेच म्हणावे. 'हन' म्हणजे 'खूप' किंवा 'तौ' म्हणजे 'सगळे' हे शब्द या साच्यापुढे बसत नाहीत, त्यामुळे 'तुम्ही सगळे जाता का?' यासाठी निमूटपणे 'मा'कडे परतावे: 'नीमन तौ छ्यू मा?' आणि उत्तर देताना 'हो'साठी स्वतंत्र शब्द शोधत बसू नये; 'छ्यू' किंवा 'पू छ्यू' म्हटले की झाले.