मॅक्रोचा काटेकोर हिशेब आणि सुटलेला शनिवार : नव्या सदस्यांनी या चुका टाळा

जिममध्ये नुकत्याच दाखल झालेल्या सदस्यांशी बोलताना मॅक्रोबद्दल, म्हणजे प्रथिने, कर्बोदके आणि स्निग्ध पदार्थ यांच्या रोजच्या प्रमाणाबद्दल, पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न हमखास येतो : प्रथिने 112 ग्रॅम हवी होती, 104 झाली, आता काय करावे? माझे उत्तर असे असते की काहीही करू नये, आणि त्याऐवजी मागच्या शनिवारी व रविवारी काय खाल्ले ते सांगावे. त्यावर बहुतेक वेळा शांतता पसरते, कारण ते दोन दिवस आहार नोंदवण्याच्या ॲपमध्ये नोंदलेलेच नसतात.

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. 70 किलो वजनाच्या, कार्यालयात बसून काम करणाऱ्या एका सदस्याचे उदाहरण घेऊ. वजन स्थिर राहण्यासाठी त्याला दिवसाला सुमारे 2,300 कॅलरी लागतात आणि वजन उतरवण्यासाठी त्याने 1,900 चे लक्ष्य ठेवले आहे, असे धरू. सोमवार ते शुक्रवार तो डब्यातील प्रत्येक पदार्थ काट्यावर तोलतो, त्यामुळे पाच दिवसांत 2,000 कॅलरींची तूट पडते. शनिवारी सकाळी मिसळ, रात्री मित्रांबरोबर हॉटेल आणि रविवारी घरी मटणाचा बेत, अशा रीतीने दोन्ही दिवशी 3,200 कॅलरी पोटात गेल्या, तर गरजेपेक्षा 1,800 जास्त होतात. आठवड्याची निव्वळ तूट उरते ती केवळ 200 कॅलरींची. याउलट, काटा न वापरता अंदाजाने जेवणारी, पण सातही दिवस 2,000 च्या आसपास राहणारी तितक्याच गरजेची व्यक्ती कधी दीडशे वर, कधी दीडशे खाली गेली, तरी आठवड्याला 2,100 कॅलरींची तूट साधते. ग्रॅमचा हिशेब पहिल्याचा अचूक, परंतु वजन उतरेल ते दुसरीचे.

शिवाय ती अचूकताही वाटते तितकी खरी नसते. ॲपमधील आकडे सरासरीचे असतात आणि घरच्या आमटीत डाळ किती, पाणी किती हे रोज बदलते. त्यातच शिजवलेला भात तोलून नोंद मात्र कच्च्या तांदळाची करणे ही चूक वारंवार आढळते. 75 ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे 270 कॅलरी असतात, आणि शिजल्यावर त्याचाच 200 ग्रॅमच्या आसपास भात होतो. ते 200 ग्रॅम कच्चे म्हणून नोंदवले, तर ॲप 700 हून अधिक कॅलरी दाखवते. फोडणीच्या तेलाचे नेमके उलटे होते : ते बहुधा नोंदवलेच जात नाही, आणि एका मोठ्या चमच्यात सुमारे 120 कॅलरी असतात. (पोळीवरच्या तुपाबद्दल तर कोणी ब्रही काढत नाही.) अशा परिस्थितीत आठ ग्रॅम प्रथिनांचा फरक या मोजमापातील चुकीपेक्षाही लहान ठरतो. व्यायाम करणाऱ्याने शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे साधारणपणे सांगितले जाते. त्यामुळे 70 किलोच्या व्यक्तीने 100 ते 125 ग्रॅमच्या दरम्यान रोज राहणे पुरेसे आहे. मात्र एक दिवस 112 आणि पुढचे तीन दिवस 50, असे करून चालत नाही.

यापुढची चूक सोमवारी सकाळी घडते. रविवारच्या खारट, भरपेट जेवणानंतर वजनकाटा दीड किलो जास्त दाखवतो. ही वाढ बहुतांशी पाण्याची, पोटातील अन्नाची आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठलेल्या कर्बोदकांची असते. साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी राहते. ती चरबी आहे असे समजून सदस्य घाबरतो आणि लक्ष्य 1,400 वर आणतो, गुरुवारपर्यंत भुकेने हैराण होतो आणि शनिवारी पुन्हा सुटतो.

म्हणून वजन रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी करावे आणि सात दिवसांची सरासरी काढून ती मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी. स्त्रियांनी मासिक पाळीमुळे होणारा पाण्याचा चढउतार लक्षात घेऊन मागच्या पाळीतील त्याच आठवड्याशी तुलना करावी. तीन-चार आठवडे सरासरी हललीच नाही, तर आकडे बदलण्याआधी गेल्या 14 दिवसांपैकी किती दिवसांची पूर्ण नोंद आहे ते मोजावे. ती 12 पेक्षा कमी भरली, तर दोष लक्ष्यात आहे की सुटलेल्या दिवसांत, हे ठरवताच येत नाही, त्यामुळे लक्ष्याला हात लावू नये. नोंदी पूर्ण असतील, तर आधी तेल आणि कच्च्या-शिजवलेल्याचा घोळ तपासावा, आणि त्यानंतरच दिवसाला 150 ते 200 कॅलरी कमी कराव्यात. शनिवारचे जेवण बंद करण्याची गरज नाही. ते आधीच गृहीत धरून त्या दिवशीचे लक्ष्य 2,300 ठेवले, तरी वरच्या सदस्याची साप्ताहिक तूट 2,400 राहते.

शरीरसौष्ठव स्पर्धेच्या शेवटच्या आठवड्यांत असलेल्या खेळाडूला ग्रॅमचा हिशेब खरोखरच लागतो. जेवणातील कर्बोदकांनुसार इन्सुलिनची मात्रा ठरवणाऱ्या मधुमेही व्यक्तीसाठीही तो आवश्यक असतो, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.