बारशाचे फोटो काढताना फ्लॅश छताकडे वळवा

सांगलीतल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये बारसं असेल, तर फ्लॅशचं डोकं पाहुण्यांवर रोखू नका. पांढऱ्या छताकडे, किंचित मागे झुकवून वळवा. लेन्सजवळून सरळ गेलेला उजेड डोळ्याच्या बाहुलीतून आतल्या रक्ताळ पडद्यावर पडून तसाच परततो, म्हणून डोळे लाल दिसतात. छतावरून पसरून आला की तेही टळतं आणि पाळण्यामागची काळी सावलीही. वाटेत उजेड बराच खर्ची पडतो. आयएसओ ८०० पासून सुरुवात करा. डोळ्यांखाली खड्डे दिसले, तर बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवा.

जुन्या वाड्यात मात्र लाकडी छत उजेड गिळतं, उरलेला तांबूस करतं. तिथे छोटा एलईडी दिवा भाच्याच्या हातात द्या: कॅमेऱ्यापासून दोन हात बाजूला, डोक्याच्या वर.