लांब वायरच्या आय-टू-सी बसला पुल-अप रेझिस्टर किती ओहमचा लावायचा?

"४.७ किलोओहम लाव, चालतंय." हा सल्ला ज्याने दिला त्याची वायर वीतभर असणार. आय-टू-सीमध्ये कोणतीही चिप लाइन स्वतः वर नेत नाही, ती फक्त खाली ओढते आणि सोडून देते. सोडल्यावर लाइन वर चढते ती पुल-अप रेझिस्टरमधून, आणि चढताना तिला वायरची सगळी कपॅसिटन्स भरावी लागते. त्यामुळे वायर न पाहता सांगितलेला आकडा हा निव्वळ अंदाज असतो.

उदाहरण म्हणून कांद्याच्या चाळीतली माझी एक जोडणी घेतो. डब्यात ईएसपी३२, डीएस३२३१चं घड्याळ आणि छोटा ओएलईडी डिस्प्ले आहे. तिथून चार मीटर कॅट-५ई केबल चाळीत जाते आणि तिच्यावर दोन एसएचटी३१ सेन्सर आहेत, एक तळाशी आणि एक वरच्या थरात. दोघांचे पत्ते वेगळे केलेत (`0x44` आणि `0x45`). सगळं ३.३ व्होल्टवर चालतं. एखादं मॉड्यूल ५ व्होल्टवर असेल तर त्याचा पुल-अपही लाइन ५ व्होल्टला ओढतो, म्हणून ते आधी बघा.

केबल. एसडीएची तार ग्राउंडच्या तारेबरोबर एका पिळलेल्या जोडीत, एससीएलची तार ग्राउंडबरोबरच दुसऱ्या जोडीत. एसडीए आणि एससीएल एकाच पिळलेल्या जोडीत घालू नका. एकाची धार दुसऱ्यावर उमटते, आणि मग दोष रेझिस्टरच्या माथी मारला जातो.

आधीच लागलेले पुल-अप मोजा. बाजारातल्या बहुतेक मॉड्यूलवर पुल-अप आधीच असतात. भिंग घेऊन पाहा: 472 म्हणजे ४.७ किलोओहम, 103 म्हणजे १० किलोओहम. माझ्या घड्याळावर आणि डिस्प्लेवर ४.७चे निघाले, दोन्ही सेन्सरवर १०चे. हे सगळे समांतर जुळून बसला १.६ किलोओहम दिसतो. खात्रीसाठी वीज बंद करून एसडीए आणि व्हीसीसी यांच्यात मल्टिमीटर लावा, मग प्रोब उलटे करून पुन्हा मोजा. दोन्ही वेळा आकडा एकच आला तरच तो खरा. वेगळा आला, तर मीटर चिपच्या आतल्या डायोडमधून वाट काढतोय.

आता कुणाचं तरी ऐकून यावर बाहेरून २.२ किलोओहम लावला, तर एकूण ९२६ ओहम होतात, आणि इथेच खालची मर्यादा ओलांडली जाते. साधारण वेगाच्या चिपकडून लाइन ०.४ व्होल्टपर्यंत खाली आणताना ३ मिलिअँपिअर ओढण्याचीच हमी असते:

```
Rmin = (3.3 - 0.4) / 0.003 = 967 ohm
```

म्हणून माझी पद्धत सरळ आहे: मॉड्यूलवरचे सगळे पुल-अप उतरवायचे आणि ईएसपी३२जवळ एकच जोडी लावायची. सोल्डर जम्पर असेल तर तो तोडा. ईएसपी३२च्या आतले पुल-अप साधारण ४५ किलोओहमचे, इतके दुबळे की हिशोबात धरायची गरज नाही, आणि त्यांच्या भरवशावर बस सोडायचीही नाही.

कपॅसिटन्स मोजा. माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. कागदावरचा अंदाज सोपा आहे: कॅट-५ईच्या जोडीला मीटरमागे सुमारे ५० पिकोफॅरड, म्हणजे चार मीटरला २००. पाच चिपचे प्रत्येकी १० धरून ५०. बोर्ड आणि कनेक्टरचे ३०. बेरीज २८०, आणि बसची परवानगी ४००पर्यंत. पण केबल कशी गुंडाळली, उरलेल्या तारा कशाला जोडल्या, यावर आकडा हलतो. म्हणून ऑसिलोस्कोपवर बघायचं: तात्पुरता ४.७ किलोओहम लावायचा, बसचा वेग मुद्दाम मंद करायचा म्हणजे लाइन पूर्ण वर पोचते, आणि चढण किती वेळ घेते ते मोजायचं.

```
Wire.begin(21, 22);
Wire.setClock(10000);   // फक्त मोजण्यापुरतं
```

पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा स्कोपने "राइज टाइम" ३.९ मायक्रोसेकंद दाखवला. कपॅसिटन्स काढायला चढणीच्या वेळेला ०.८४७३ गुणिले रेझिस्टर याने भागतात; त्या सूत्रात घातला, उत्तर आलं जवळपास १००० पिकोफॅरड. परवानगीच्या अडीचपट! मी बस वाढवणाऱ्या चिप मागवल्या आणि त्यांची वाट पाहण्यात आठवडा घालवला. चूक केबलची नव्हती, माझ्या मोजण्यात दोन चुका होत्या.

पहिली चूक म्हणजे प्रोब १x वर होता. या स्थितीत प्रोब आणि त्याची केबल मिळून शंभरेक पिकोफॅरड स्वतःच लाइनवर लादतात. मी बसबरोबर प्रोबही मोजत होतो. १०x वर हा बोजा दहा-पंधरावर येतो. आय-टू-सी बघताना प्रोबची कळ १०x वर आहे ना हे दर वेळी तपासा. खिशात घातल्यावर ती हमखास सरकते.

दुसरी चूक जास्त फसवी. स्कोपचं स्वयंचलित राइज टाइम बहुधा १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत मोजतं. आय-टू-सीच्या मर्यादा मात्र ३० ते ७० टक्क्यांच्या आहेत, आणि सूत्रातला ०.८४७३ हा गुणक त्याच व्याख्येतून येतो. एकाच चढणीचे हे दोन आकडे सुमारे २.६ पटींनी वेगळे येतात. म्हणून बटण विसरा आणि कर्सर हाताने ठेवा: ३.३ व्होल्टला खालचा ०.९९वर, वरचा २.३१वर. असं मोजल्यावर चढण १.१ मायक्रोसेकंद निघाली.

```
C = 1.1e-6 / (0.8473 * 4700) = 276 pF
```

म्हणजे कागदावरचा अंदाज बरोबर होता, आणि मागवलेल्या चिप अजून डब्यात पडून आहेत.

रेझिस्टर ठरवा. १०० किलोहर्ट्झला चढणीची कमाल मर्यादा १००० नॅनोसेकंद, ४०० किलोहर्ट्झला ३००.

```
Rmax = 1000e-9 / (0.8473 * 276e-12) = 4276 ohm   (100 kHz)
Rmax =  300e-9 / (0.8473 * 276e-12) = 1283 ohm   (400 kHz)
```

४.७ किलोओहम मर्यादेबाहेर जातो. टेबलावर तो चालेलही, आणि हीच त्याची गोची: चाळीत पंखा सुरू झाला की एखादं वाचन हुकतं, आणि आपण कोडमध्ये चूक शोधत बसतो. ४०० किलोहर्ट्झसाठी ९६७ ते १२८३ ही अरुंद फट उरते. मिनिटाला एकदा आर्द्रता वाचायला तिच्यात कशाला शिरायचं? १०० किलोहर्ट्झ ठेवा आणि २.२ किलोओहम लावा. चढण ५१४ नॅनोसेकंद येते, चिपला १.३ मिलिअँपिअरच ओढावे लागतात, आणि उद्या आणखी एक सेन्सर बसला तरी जागा राहते. ३.३ किलोओहमही हिशोबात बसतो, पण गोंगाटाच्या जागी मी खालचाच घेतो.

शेवटी खालची पातळी बघा. प्रोब केबलच्या दूरच्या टोकाला, सेन्सरजवळ लावा. पत्त्यानंतरच्या नवव्या ठोक्याला सेन्सर स्वतः लाइन खाली ओढतो, आणि त्या क्षणी पातळी बाकीच्या शून्यांपेक्षा किंचित वेगळी दिसते. म्हणून कोण ओढतंय हे डोळ्यांनी कळतं. ती ०.४ व्होल्टच्या वर असेल तर कुठेतरी एखादा पुल-अप उतरवायचा राहिलाय.

याच केबलला आणखी तीन मीटर जोडले, तर २७६ मध्ये १५० मिळून ४२६ होतात. तिथे रेझिस्टर कमी करून भागत नाही. पी८२बी७१५सारखी एक्स्टेंडर चिप केबलच्या दोन्ही टोकांना लावावी लागते. एकाच टोकाला लावलेली निरुपयोगी.